गेमसाठी कोणता फोन बरा : दुसऱ्या हाताचा जुना फ्लॅगशिप की नवा कोरा बजेट फोन?

आदिलाबाद : कापसाचे पैसे हातात आले की घरातल्या पोरांचा एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे मोबाईल. यंदा माझा भाचा पांढरकवड्याहून आला आणि त्यानं तोच प्रश्न टाकला. "मामा, बाबांनी बारा हजार दिलेत. एवढ्यात नवा डबाबंद घेऊ, की चार वर्षांआधीचा चाळीस हजारवाला सेकंडहँड घेऊ? मला बीजीएमआय खेळायचं आहे."

हा प्रश्न बेला, जैनद, तामसीपासून किनवट, वणीपर्यंत अनेक घरांत विचारला जातो. दुकानदार ज्याच्यात मार्जिन जास्त तो फोन दाखवतो, आणि मित्र स्वतःकडे जो आहे त्याचीच तारीफ करतो. म्हणून दोन्हीकडचा हिशोब इथे मांडतो. उत्तर सरळ हो किंवा नाही असं नाही. जुना फ्लॅगशिप गेममध्ये नव्या बजेट फोनला बहुतेक वेळा मागे टाकतो, पण त्याला तीन अटी आहेत. चिप बरोबर निवडलेली हवी, बॅटरीत दम हवा आणि फोन चोरीचा किंवा हप्त्यात अडकलेला नको. यातली एक अट जरी चुकली, तरी नवा बजेट फोनच बरा.

नव्या डब्यात जुनं इंजिन

लोकांचा समज असा की २०२४ चा फोन २०२१ च्या फोनपेक्षा वेगवान असणारच. गेमच्या बाबतीत हे खरं नाही.

उदाहरण घेऊ. रिअलमी सी६५ ५जी हा फोन एप्रिल २०२४ मध्ये १०,४९९ रुपयांपासून बाजारात आला. त्यात मीडियाटेकची डायमेन्सिटी ६३०० ही चिप आहे. या चिपमध्ये आठ कोर आहेत, पण जड काम करणारे त्यातले दोनच. बाकीचे सहा हलक्या कामाचे. ते जड काम करणारे दोन कोर कॉर्टेक्स-ए७६ जातीचे आहेत. ही रचना २०१८ सालची. तेव्हाच्या सगळ्यात महागड्या फोनांच्या चिपमध्ये तीच होती. चित्र काढणारा भाग, म्हणजे जीपीयू, माली-जी५७ जातीचा आणि त्यातही फक्त दोन कोरचा.

आता दुसरी बाजू. वनप्लस ९आर हा फोन २०२१ मध्ये ३९,९९९ रुपयांना आला होता. त्यात स्नॅपड्रॅगन ८७० आहे. जड काम करणारे चार कोर, तेही ए७६ च्या पुढच्या पिढीचे, ए७७ जातीचे. जीपीयू अ‍ॅड्रीनो ६५०. हा जीपीयू त्या दोन कोरच्या मालीपेक्षा कितीतरी ताकदवान आहे. स्टोरेजही यूएफएस ३.१ प्रकारचं, म्हणजे नकाशा उघडायला आणि मॅच लोड व्हायला कमी वेळ.

म्हणजे बजेट फोनचा डबा नवा असला तरी आतलं इंजिन जुन्या पिढीचं, आणि तेही लहान. ट्रॅक्टरवाल्याला लगेच समजेल: नवीन रंग मारलेला कमी एचपीचा ट्रॅक्टर आणि चार हंगाम चाललेला जास्त एचपीचा ट्रॅक्टर यांत खोल नांगरणीला कोणता लावाल?

बजेट फोनच्या जाहिरातीत दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत असतात. एक, '१२० हर्ट्झ डिस्प्ले'. हा आकडा पडद्याचा आहे. पडदा सेकंदाला १२० वेळा बदलू शकतो, पण चिप जर सेकंदाला ४० च चित्रं काढत असेल, तर गेम ४० नेच चालणार. दुसरी, '१६ जीबी रॅम'. बारीक अक्षरांत बघा, तिथे ८+८ लिहिलेलं असतं. त्यातले आठ खरे, आणि उरलेले आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले. उसन्या रॅमनं बॅकग्राऊंडला दोन अ‍ॅप जास्त उघडी राहतील, पण गेमचे फ्रेम वाढणार नाहीत.

बीजीएमआयमध्ये फरक कुठे दिसतो

बीजीएमआयच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये फ्रेम रेटचे पर्याय असतात. 'अल्ट्रा' म्हणजे सेकंदाला ४० चित्रं, 'एक्स्ट्रीम' म्हणजे ६०. त्याच्या वरचे ९० किंवा १२० चे पर्याय गेम ठराविक फोनांनाच उघडून देतो. आपल्या फोनला कोणता पर्याय दिसतो हे खरेदीआधी गेम टाकून बघितलंच पाहिजे.

४० आणि ६० मधला फरक रिकाम्या मैदानात फारसा जाणवत नाही. तो जाणवतो शेवटच्या वर्तुळात, जेव्हा चार टीम एकत्र भिडतात, धूर सुटलेला असतो आणि गाडी फुटते. तिथे बजेट फोनचे फ्रेम अचानक २५-३० वर येतात. बोट फिरवलं तरी नेम जागेवर जायला उशीर होतो. पोरं याला 'लॅग मारतो' म्हणतात आणि दोष नेटवर्कला देतात. ओळखायची खूण सोपी आहे. पडद्यावर पिंग हिरवा, कमी आकड्याचा आहे आणि तरी चित्र अडखळतंय, तर दोष फोनचा. चित्र सुरळीत आहे पण मारलेली गोळी उशिरा लागते आणि पिंग लाल, तर दोष नेटवर्कचा. नेटवर्कचा दोष कोणताही फोन बदलून जाणार नाही.

फ्री फायर मॅक्सचं गणित वेगळं. तो हलका गेम आहे. साधे ग्राफिक्स ठेवले तर डायमेन्सिटी ६३०० वरही तो नीट चालतो. रोज तासभर फक्त तोच खेळणाऱ्यानं सेकंडहँडची जोखीम घ्यायचं कारण नाही.

आदिलाबादचा उन्हाळा आणि फोनची घाम काढायची ताकद

आता तो भाग, जो मुंबई-पुण्याच्या यूट्यूबवाल्यांच्या व्हिडिओत नसतो. ते एसीच्या खोलीत टेस्ट करतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी ३८-४० असतात.

फोनला पंखा नाही. आत तयार झालेली उष्णता पाठीतून आणि पडद्यातून बाहेरच्या हवेत जाते. ती किती वेगानं जाईल हे फोनच्या पाठीच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फोनची पाठ ४३ अंशांच्या आसपास गेली की फोन स्वतःच चिपचा वेग कमी करू लागतो, कारण त्याच्या पुढे हाताला चटका बसतो आणि बॅटरीचं नुकसान होतं.

हिशोब करून बघा. डिसेंबरात खोलीत २३ अंश असतील तर फरक २० अंशांचा. मे महिन्यात खोलीत ३८ असतील तर फरक फक्त ५ अंशांचा. फरक चौथाई झाला, म्हणजे उष्णता बाहेर टाकायची ताकदही साधारण चौथाईवर आली. हिवाळ्यात तासभर मस्त चालणारा फोन उन्हाळ्यात दहा मिनिटांत मान टाकतो, तो याच कारणानं. तो फोन बिघडलेला नसतो. अ‍ॅपलसारखी कंपनी तर आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंशांचीच हवा योग्य असं लिहून देते. आपला अर्धा उन्हाळा त्या हद्दीच्या बाहेर जातो.

म्हणून आपल्या भागात 'सगळ्यात ताकदवान चिप' शोधायची नाही, 'कमी तापणारी ताकदवान चिप' शोधायची. इथेच जुन्या फ्लॅगशिपांत दोन जाती पडतात.

२०२० ची स्नॅपड्रॅगन ८६५ आणि तिचीच वाढवलेली बहीण ८७०, या दोन्ही तैवानच्या टीएसएमसी कारखान्यात बनल्या आणि तुलनेनं थंड राहतात. २०२१ ची ८८८ आणि २०२२ च्या सुरुवातीची ८ जेन १, या सॅमसंगच्या कारखान्यात बनल्या. कागदावर त्या जास्त वेगवान, पण पूर्ण जोर लावला की वीज खूप खातात आणि लवकर तापतात. २०२२ च्या मध्यापासून आलेली ८ प्लस जेन १ आणि २०२३ च्या फोनांतली ८ जेन २ पुन्हा टीएसएमसीकडे गेल्या आणि त्या थंड आहेत. त्यामुळे दुकानात ८८८ वाला आणि ८७० वाला असे दोन फोन एकाच भावात ठेवले, तर आदिलाबादेत गेमसाठी ८७० घ्या. आकडा लहान आहे म्हणून नाक मुरडू नका.

कुणी विचारेल, की बजेट चिप तर लहान, ती कमी तापणार, मग उन्हाळ्यात तीच बरी नाही का? याचं उत्तर सेटिंगमध्ये आहे. ६० फ्रेमच्या कामासाठी लहान चिपला पूर्ण जीव लावून पळावं लागतं. ८७० ला तेच काम करताना अर्धी ताकद शिल्लक राहते. कोणतंही इंजिन पूर्ण रेस देऊन पळवण्यापेक्षा अर्ध्या रेसवर चालवलं की कमी तापतं. म्हणून जुना फ्लॅगशिप घेतल्यावर उन्हाळ्यात ग्राफिक्स 'स्मूथ' आणि फ्रेम ६० वर बांधून ठेवा. ९० आणि एचडीआरचा मोह केला, तर फोन दहा मिनिटांनी वेग पाडतो आणि मग फ्रेम ९० वरून ४५ वर येतात. सारखे खाली-वर होणारे ९० पेक्षा स्थिर ६० वर नेम चांगला लागतो.

थंड करायचे उपायही आपल्याच घरात आहेत. कव्हर काढा. चार्जिंगला लावून खेळू नका, कारण चार्जिंगची उष्णता वेगळी आणि गेमची वेगळी, दोन्ही एकावर एक चढतात. कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या टाट्यांच्या कूलरची हवा खोलीच्या हवेपेक्षा बरीच थंड असते. तिच्यासमोर बसून खेळा, फक्त पाण्याचे तुषार फोनवर येणार नाहीत एवढ्या अंतरावर. फ्रीजमध्ये फोन ठेवणं मात्र घातक. थंड फोन गरम हवेत आणला की आतल्या बाजूनं दव जमतं आणि बोर्ड जातो.

जुन्या फोनचं खरं वय बॅटरीत असतं

चिप पाच वर्षांत म्हातारी होत नाही. बॅटरी होते. रोज चार्ज होणारी बॅटरी तीन-चार वर्षांत तिच्या मूळ क्षमतेच्या साधारण ८० टक्क्यांवर किंवा त्याच्याही खाली येते. आपल्या उन्हात वापरलेली असेल तर आणखी खाली.

फक्त लवकर संपते एवढंच असतं तर चाललं असतं. जुन्या बॅटरीचा आतला अवरोध वाढतो. गेमनं अचानक जास्त वीज मागितली की तिचा दाब पडतो. मग फोन एकतर वेग कमी करतो, नाहीतर १५-२० टक्के दिसत असतानाच बंद पडतो. जुन्या बॅटरीवर आयफोनचा वेग मुद्दाम कमी केला जातो हे अ‍ॅपलनं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं होतं, ते याच कारणासाठी. म्हणजे थकलेल्या बॅटरीचा फ्लॅगशिप हा फ्लॅगशिप राहतच नाही.

आयफोनमध्ये बॅटरीची तब्येत सेटिंगमध्ये टक्क्यांत दिसते. ८० च्या खाली असेल तर बॅटरी बदलायचा खर्च धरूनच भाव करा. काही नव्या अँड्रॉइड फोनांतही ती दिसते, पण तीन-चार वर्षांच्या बऱ्याच फोनांत दिसत नाही. तिथे घड्याळ लावून चाचणी घ्यावी लागते. भाच्यासोबत मी हीच घेतली, ती पुढे सांगतो.

एका फोनची पूर्ण तपासणी

दुकानात ८ जीबी रॅमचा वनप्लस ९आर होता. दुकानदारानं ११,५०० सांगितले. "एकदम कंडिशन आहे, भाऊ, एकही स्क्रॅच नाही." स्क्रॅच नसणं चांगलं, पण गेम काचेवर चालत नाही.

पहिलं काम आयएमईआय. फोनच्या डायलवर `*#06#` दाबलं की १५ आकडी नंबर येतो. तो बिलावरच्या आणि सेटिंगमधल्या नंबरशी जुळवला. मग आपल्या फोनवरून हा मेसेज १४४२२ वर पाठवला:

```
KYM <15 अंकी IMEI>
```

उत्तरात कंपनी आणि मॉडेलचं नाव येतं. तिथे वेगळंच मॉडेल दिसलं, किंवा नंबर ब्लॅकलिस्ट अथवा डुप्लिकेट असल्याचं आलं, तर फोन खाली ठेवायचा आणि दुकानातून उतरायचं. सीमेवर राहणाऱ्यांना हे जास्त महत्त्वाचं. आपल्या बाजारात फोन नागपूर, नांदेड, हैदराबाद असे तिन्हीकडून येतात. केंद्र सरकारची सीईआयआर यंत्रणा मे २०२३ पासून देशभर लागू आहे. नांदेडला चोरी गेलेला फोन तिथल्या मालकानं ब्लॉक केला, की तो आदिलाबादेतही कोणत्याच सिमवर चालत नाही. वरून त्यात सिम टाकलेल्या माणसाचा माग पोलिसांना लागतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून दुकानदाराकडून आयएमईआय लिहिलेलं, सही-शिक्क्याचं बिल घ्यायचंच. ओळखीच्या माणसाकडून घेतला, तर मूळ बिलाची कॉपी आणि एका कागदावर विक्रीची सही घ्या.

दुसरं काम खातं आणि हप्ता. मी दुकानदाराला फोन आपल्यासमोर रिसेट करायला लावला. रिसेटनंतर जुन्या मालकाचा गुगल आयडी मागितला, तर फोन लॉक आहे. आयफोनमध्ये हेच अ‍ॅपल आयडीबाबत. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनांत फायनान्सवाल्यांचं लॉक असतं. हप्ता थकला की ते दुरून फोन बंद करतात. असा फोन आज चालतो आणि पुढच्या महिन्यात पडदा काळा होतो. रिसेट करून नेटला जोडल्यावर 'हे उपकरण संस्थेच्या नियंत्रणात आहे' अशा अर्थाची सूचना आली, तर तो घेऊ नका.

तिसरं काम पडदा. पूर्ण पांढरं आणि मग पूर्ण राखाडी चित्र उघडून बघितलं. जुन्या अ‍ॅमोलेड पडद्यात एकाच जागी सतत दिसलेल्या गोष्टींचा डाग बसतो. बीजीएमआय खेळणाऱ्याच्या फोनवर तर बटणांच्या जागाच उमटलेल्या दिसतात. हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ हा दुसरा रोग. ती एकदा आली की जात नाही, पडदाच बदलावा लागतो आणि त्यात फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. मग एक आयकॉन बोटानं धरून पडद्याच्या कानाकोपऱ्यात फिरवला. मध्येच सुटला, तर तिथला टच मेलेला आहे. पाठीमागचं झाकण कडेला उचललेलं आहे का तेही बघितलं. उचललेलं असेल तर आत बॅटरी फुगलेली आहे. असा फोन फुकट दिला तरी नको.

चौथं आणि मुख्य काम अर्ध्या तासाचा खेळ. दुकानदार कुरकुर करतो, पण एवढा वेळ न देणारा दुकानदार काहीतरी लपवतो असंच समजा. फोन ७० टक्क्यांवर होता. ब्राइटनेस निम्मी, दुकानाचा वायफाय, ग्राफिक्स स्मूथ, फ्रेम ६०. भाच्यानं तीस मिनिटं सलग खेळ केला.

याचा हिशोब असा. या फोनची बॅटरी ४५०० एमएएच, म्हणजे साधारण १७.४ वॅट-तास. अशा सेटिंगवर फोन चार वॅटच्या आसपास वीज खातो असं धरलं, तर अर्ध्या तासात २ वॅट-तास. नवी बॅटरी असती तर ११-१२ टक्के उतरायला पाहिजे होते. बॅटरी ८० टक्के उरली असेल तर १४-१५ टक्के. आमचा फोन १७ टक्के उतरला. म्हणजे बॅटरीत मूळच्या ७० टक्क्यांच्या आसपासच जीव होता. हा काटेकोर आकडा नाही, पण सौदा करायला पुरतो. २० च्या वर उतरला असता तर बॅटरी संपलेलीच समजा.

फ्रेम मात्र शेवटपर्यंत पडले नाहीत, आणि पाठ गरम झाली तरी हातात धरवत होती. ज्यांना खेळून बघायला जमत नाही, त्यांनी थ्रीडीमार्क नावाचं फुकट अ‍ॅप टाकावं आणि वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट लावावी. वीस मिनिटं चालते आणि शेवटी स्थिरतेचा टक्का देते. ८५-९० च्या वर असेल तर फोन उष्णता सांभाळतो. ६० च्या खाली असेल तर पहिल्या मिनिटाचा वेग नंतर टिकणार नाही.

मग भाव. नवी बॅटरी बसवायला दोन हजार लागतील असं धरून आम्ही ९,५०० वर अडून बसलो. शेवटी त्याच भावात सौदा झाला. बॅटरी बदलून सगळे मिळून ११,५०० च्या घरात. बारा हजारांत बसलं. फोनसोबत मूळ ६५ वॅटचा चार्जर होता, हेही बघून घ्या. साध्या चार्जरवर हा फोन फार हळू चार्ज होतो, आणि मूळ चार्जर वेगळा घ्यायला पैसे पडतात. बॅटरी बसवताना एक लक्षात ठेवा: या फोनची बॅटरी दोन सेलची असते, त्यामुळे 'कोणतीही बसते' म्हणणाऱ्याकडे देऊ नका. आणि एकदा पाठ उघडली की पाण्यापासूनची मूळ सुरक्षा गेली असं समजून वागा.

नावाला फसू नका

जुन्या फोनांत एकाच नावाचे दोन फोन असतात. सॅमसंग गॅलेक्सी एस२० एफई हे ठळक उदाहरण. भारतात आधी आलेल्या ४जी फोनात एक्झिनॉस ९९० चिप होती, नंतर २०२१ मध्ये आलेल्या ५जी फोनात स्नॅपड्रॅगन ८६५. बाहेरून दोन्ही सारखेच. गेमसाठी दुसरा घ्यायचा. डब्यावर किंवा दुकानदाराच्या तोंडावर भरवसा न ठेवता मॉडेल नंबर आणि चिपचं नाव फोनमध्येच बघा. परदेशातून आलेल्या फोनांचंही तसंच. त्यात आपल्याकडचे ५जी बँड असतीलच असं नाही. गावात ४जीच येत असेल तर अडत नाही, पण भाव करताना हा मुद्दा हातात ठेवा.

नवा बजेट फोन कुणी घ्यावा

एवढं सांगूनही काही घरांना मी नवाच घ्या म्हणेन.

घरात तो एकच फोन असेल, त्यावरच फोनपे, बँक, पीक विमा आणि पोरांचा अभ्यास चालत असेल, तर नवा घ्या. तीन-चार वर्षांच्या बहुतेक फोनांना कंपनीचे सुरक्षा अपडेट येणं थांबलेलं असतं किंवा थांबायला आलेलं असतं. अशा फोनवर गेम चालतो, पण पैशाचे व्यवहार ठेवणं धोक्याचं. भाच्याला मी हेच बजावलं: बाबांचं बँक खातं या फोनवर जोडायचं नाही.

फोन बंद पडला तर दुसऱ्यासाठी पैसे नसतील, तर वॉरंटीचं एक वर्ष मोलाचं. जुन्या फोनचा बोर्ड गेला तर दुरुस्तीला हैदराबाद किंवा नागपूर गाठावं लागतं, आणि तो खर्च परवडत नाही.

आणि तुमच्याकडे बारा नाही तर सोळा हजार असतील, तर मधला रस्ता आहे. डायमेन्सिटी ७३०० चिपचे नवे फोन त्या भावात मिळू लागले. २०२४ मध्ये सीएमएफ फोन १ हा १५,९९९ ला आला होता. त्यात जड कामाचे चार कोर आहेत, ए७८ जातीचे, आणि चिप थंड राहते. जीपीयू अजूनही ८७० च्या थोडा मागे, पण ६० फ्रेमच्या बीजीएमआयला पुरतो. वरून वॉरंटी आणि अपडेट. रोज खेळणाऱ्या, पण तपासणीची कटकट नको असलेल्यानं चार महिने थांबून हाच घ्यावा.

भाच्याचं म्हणाल तर तो खूश आहे. पण त्यानं घेतलेला फोन हिवाळ्यात घेतलाय. खरी परीक्षा मे महिन्यात, पत्र्याखाली होणार. ६० वर बांधून, कव्हर काढून, कूलरसमोर बसला तर निभावेल. चार्जिंगला लावून दुपारी दोन वाजता ९० वर खेळला, तर बसवलेली नवी बॅटरीही दोन उन्हाळ्यांत जुनी होईल, हे त्याला लिहूनच दिलं आहे.